प्रेमसिंगच्या जीपमधली तिसरी सवारी

दारव्हा-यवतमाळ मार्गावर काळीपिवळी जीप चालवणाऱ्या प्रेमसिंग राठोडचं पोट स्टिअरिंगला टेकू लागलं, तेव्हा पुढच्या सीटवर त्याला खेटून गिअरपाशी बसणारी तिसरी सवारी मावेनाशी झाली. पोट उतरवायचंच, असं ठरवून तो दारव्ह्यातल्या आहारतज्ज्ञ सत्यशीला यांच्याकडे गेला.

"मॅडम, एक चार्ट लिहून द्या. मेव्हण्याले दिला तोच चालते."

"मेव्हणा जीप चालवतो?"

"नाही, शाळेत शिपाई हाय."

"मग त्याचा तुम्हाला काय उपयोग?" असं म्हणत त्यांनी टेप काढला. उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर, वजन ब्याण्णव किलो. कंबर मोजताना प्रेमसिंगने श्वास रोखून पोट आत ओढलं.

"सोडा."

त्याने श्वास सोडला. टेप एकशे आठवर गेला.

मग आजार, ऑपरेशन, घरात कुणाला शुगर, कोणती गोळी. "गोळी नाही," तो म्हणाला. "डोकं दुखलं की बायकोची बीपीची अर्धी घेतो फक्त."

सत्यशीलांनी पेन खाली ठेवलं. "आधी डॉक्टरांकडे जा. ते तपासतील, मग चार्ट. अन् आजपासून तिची गोळी बंद."

मग त्यांनी पुढे विचारलं, "खाता काय?"

"दोन टाईम भाकर. बाकी काहीच नाही."

"चहा?"

"चहा कुठं खाण्यात धरतेत?"

त्यांनी एक वही दिली. तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा. किती वाजता उठलो, काय खाल्लं, किती, कुठं, कधी झोपलो, सगळं लिहायचं.

गाडी चालवताना लिहायचं कसं? रोज भाजी घेऊन यवतमाळला जाणाऱ्या कांताबाईंनी जबाबदारी घेतली. प्रत्येक थांब्यावर चहा आला की मागून सगळे ओरडायचे, "लिव्ह वं माय!" सुट्टीच्या दिवशी तर त्या वही घेऊन त्याच्या घरीच जाऊन बसल्या.

चौथ्या दिवशी सत्यशीला वही वाचता वाचता थबकल्या. "भजी एक किलो? केळी अठरा?"

"पूर्ण जीपनं खाल्लं ना ते," प्रेमसिंग म्हणाला.

"तुमचं किती?"

त्याने सोबत आलेल्या कांताबाईंकडे पाहिलं.

"दिवसाले भजे चौदा, केळी तीन. चहा नऊ, दोन-दोन चमचे साखर," त्या म्हणाल्या. "अन् भाकर हा पहाटे चारले उठून खाते, मंग दुपारी तीनपर्यंत नुसता चहा-भज्यावर."

"मावशे, तू सवारी हायेस का पोलीस?"

डॉक्टरांनी तपासून बीपी असल्याचं सांगितलं, त्याची स्वतःची गोळी सुरू केली. मगच सत्यशीलांनी चार्ट केला. अकराला डबा, चहा तीन, तोही बिनसाखरेचा. सवाऱ्या उतरल्या की स्टँडभोवती चालणं.

तीन महिन्यांनी टेप एकशे दोनवर आला. तिसरी सवारी बसू लागली. तिसरा गिअर टाकताना मात्र तिला अजून उठावं लागतं.