कोरडी होती तेव्हा माझी

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत बोअर मारावी, हा हट्ट माझा. हातगाडीवर नळ विकत सुरुवात करून मी स्वतःचं हार्डवेअरचं दुकान उभं केलं होतं, त्यामुळे पाण्यातलं आपल्याला कळतं असा माझा तोरा. दोन उन्हाळे बोअर छान चालली. तिसऱ्या एप्रिलमध्ये मोटार नुसती हवा ओढायला लागली आणि जिन्यात जो तो विचारू लागला, "काय शेठ, तुमची बोअर आटली म्हणे?" तुमची! पाणी होतं तेव्हा बरं कुणी तुमची म्हटलं नाही.

कमिटीने सुनावलं, पुढच्या उन्हाळ्यातही हेच झालं तर बोअर बुजवायची.

मुलुंडच्या एका कारखान्यात पाइप पोचवताना मी गच्चीवरचं पावसाचं पाणी खड्ड्यातून बोअरमध्ये जिरवलेलं पाहिलं होतं. तसाच खड्डा मी मे महिन्यात बोअरभोवती खणवला. आतल्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या पाइपला, खड्ड्याच्या तळाशी भोकं पाडून नायलॉनची जाळी गुंडाळली. खाली मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड रेती. खडी-रेतीवाल्याशी मी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "फुकट न्या, पण गप्प बसा."

अडलं ते गच्चीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती आजी, आम्हा सगळ्यांच्या बा, तिथे रोज कबुतरांना ज्वारी घालत. सगळी गच्ची विष्ठेने पांढरी झालेली.

"बा, ही घाण रेतीतून सगळी गाळली जाणार नाही. दाणे खाली फाटकाजवळ टाका."

"कबुतरं तुझ्या आधीपासून इथे राहतात."

"मग त्यांच्याकडून मेंटेनन्स घ्या!"

मी तापलो, ओरडलो. बा शांतपणे वाती वळत राहिल्या. म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात. फाटकाजवळ ओटा बांध आणि रोज सकाळी ज्वारी तू टाक. मग बघते."

आयुष्यभर मी लोकांना भाव पाडायला लावला. त्या दिवशी एक पैसाही कमी करून घेता आला नाही. कबूल केलं.

गच्ची घासून धुतली. पावसाळ्यातल्या सुरुवातीच्या सरींचं मळकं पाणी गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाचं बूच काढून गटारात सोडलं. पाइपातून स्वच्छ पाणी दिसायला लागल्यावर बूच लावलं आणि पाणी खड्ड्याकडे वळवलं. रेतीवर ते क्षणभर साचे, मग गुडुप. छत्री धरून मी तासन्‌तास ते बघत उभा राहायचो. बायको म्हणायची, "आता खड्ड्यालाच डबा पाठवते तुमचा."

पुढच्या एप्रिलमध्ये मोटार लावली. अर्धी इमारत खाली जमली होती, बहुतेक माझी फजिती बघायला. आधी हवा, मग गढूळ गुळणी, आणि मग मनगटाएवढी जाड धार! थांबेचना. गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या धोतरावर अभिषेक झाला. मी मोटार मुद्दाम जरा उशिराच बंद केली.

बा गॅलरीतून ओरडल्या, "आपल्या बोअरला पाणी आलं!"

"कोरडी होती तेव्हा माझी, आता आपली?"

"बडबड नको रे. कबुतरं कधीची उपाशी आहेत."

मी ज्वारीचा डबा उचलला.