एका श्वासाचा फुगा

यमनप्पा भजंत्रीला वाचता येत नव्हतं, म्हणून अंगडी बाईंचं पत्र त्याच्या मुलीनं, नववीतल्या रेणुकानं, चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. पत्र शाळेच्या शिक्क्याचं होतं आणि दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या गिरिजा अंगडी बाईंना लिहिण्याचा आळस नव्हता.

"माननीय पालक, आमच्या वर्गानं छातीत किती हवा मावते हे फुग्यानं मोजायचं ठरवलं आहे. प्रत्येक मुलानं घरातलं एक मोठं माणूस शनिवारी आणावं. फुगा आधी दोन-चार वेळा ताणून सैल करावा. छाती भरून एकदाच श्वास घ्यावा आणि एकाच दमात सगळा फुग्यात सोडावा. मध्ये श्वास घेतल्यास मोजणी फुकट. तीन वेळा फुंकावं, त्यातला सर्वांत मोठा फुगा धरावा. फुग्याचं तोंड चिमटून तो दोन पुस्तकांमध्ये उभा करावा आणि मधलं अंतर पट्टीनं मोजावं. अंतरावरून हवेचं माप किती, त्याचा तक्ता सोबत आहे."

"पुढे," यमनप्पा म्हणाला.

"ज्यांना दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, किंवा जिना चढताना धाप लागते, त्यांनी फुंकू नये. मला येऊन भेटावं." रेणुका थांबली. मग तीच ओळ तिनं पुन्हा वाचली.

"एकदा ऐकलं की. पुढे वाच."

"खाली दोन चौकोन आहेत. त्रास आहे, त्रास नाही."

"'नाही'वर खूण कर."

तिनं खूण केली. पेन्सिल जरा जोरात दाबली गेली.

यमनप्पा वीरभद्राच्या देवळात सनई वाजवायचा, सकाळी आणि संध्याकाळी, वेशीवरच्या नगारखान्यात. बापानंही तेच केलं होतं, बापाच्या बापानंही. जत्रेच्या दिवशी रथ पेठेच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत तो एकच सूर न तोडता धरायचा, आणि रथ अवजड असल्यामुळे वळायला बराच वेळ घ्यायचा. गावात म्हणत, यमनप्पाच्या छातीत दोन माणसांची हवा आहे. यमनप्पानं कधी नाही म्हटलं नाही. माणसाला स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट ऐकायला मिळाली, तर ती खरी आहे का हे तपासत बसायला कुणाला वेळ असतो?

जत्रा दोन आठवड्यांवर होती. नगारखान्याला बावीस पायऱ्या होत्या आणि त्या गेल्या वर्षापासून वाढल्या आहेत असं त्याला वाटत होतं. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर देवस्थानच्या पंचांनी रथासमोर त्याच्या जागी दुसरा कुणी उभा केला असता. बिड्या मात्र रोजच्या ठरलेल्या होत्या.

शनिवारी वर्गात बाकं भिंतीला लावली होती. किराणा दुकानाचे बसवराज शेट्टर सर्वांत आधी फुंकून मोकळे झाले. त्यांचा फुगा एकोणीस सेंटिमीटर भरला. बाईंनी तक्त्यात पाहून साडेतीन लिटर आणि वर थोडं असं लिहिलं, आणि शेट्टर आपण अंदाजपत्रक मंजूर करून आल्यासारखे खुर्चीत बसले. रेणुकाचा फुगा सतरा, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास.

मग मुलांनी ज्याची वाट पाहिली होती तो उठला. यमनप्पानं फुगा तोंडाला लावला. गाल भरले. फुगा वाढू लागला आणि थांबायचं नाव घेईना. मुलं मोठ्यानं एक, दोन, तीन असे आकडे मोजू लागली. वीस म्हणून झालं तरी फुगा वाढतच होता. शेट्टर खुर्चीत पुढे सरकले. सव्विसाव्या आकड्याला फुगा फाटकन फुटला आणि मुलांनी टाळ्या पिटल्या.

"दोन माणसांची हवा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही. त्या यमनप्पाच्या तोंडाकडे नाही, नाकाकडे पाहत होत्या.

"मध्ये श्वास घेतलात का?"

"नाही बाई. फुंकतच होतो की."

"नाकपुड्या हलत होत्या."

"त्या हलतातच," यमनप्पा म्हणाला. "गालातली हवा फुंकायची, तेवढ्यात नाकानं आत घ्यायची. बापानं लहानपणी पाण्याच्या वाटीत नळीनं फुंकायला बसवलं होतं. बुडबुडा तुटला की पाठीत धपाटा. आता ते आपोआप होतं. यात श्वास घेणं कुठं आलं?"

तो खोटं बोलत नव्हता. आयुष्यभर सनई अशीच वाजवली होती त्यानं. पाण्यात राहणाऱ्या माशाला पोहणं वेगळं मोजता येत नाही, तसं.

"वाजवताना ही विद्या आहे," बाई म्हणाल्या. "मोजताना ही चोरी आहे." त्यांनी खिडकीतल्या दोरीवरचा कपडे वाळत घालायचा चिमटा काढून त्याच्यापुढे धरला. "नाकाला लावा."

मुलं हसली. यमनप्पाही हसला, कारण नाही म्हणायला आता सोय नव्हती. चिमटा लावला, छाती भरली आणि फुंकलं. फुगा वाढला आणि थांबला. त्यानं आणखी जोर केला. गाल फुगले, फुगा नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याला मध्येच खोकला आला.

बाईंनी पुस्तकं सरकवली, पट्टी लावली. पंधरा. तक्ता पाहिला. पावणेदोन लिटर. त्यांनी तो आकडा मोठ्यानं वाचला नाही. वाचायची गरजही नव्हती, शेट्टरांचा फुगा शेजारीच होता, रेणुकाचाही. यमनप्पानं चिमटा काढला, तेव्हा नाकावर दोन लाल खुणा उठल्या होत्या. त्याला फार लाज वाटली.

बाहेर व्हरांड्यात बाई त्याच्याजवळ आल्या. "फुगा म्हणजे डॉक्टर नव्हे. चुकू शकतो. जिल्ह्याच्या दवाखान्यात याचं खरं मशीन आहे. जाऊन या. कागदावर 'त्रास नाही'वर खूण केली होती तुम्ही."

"जत्रा झाली की जातो."

बाईंनी मान हलवली.

घरी जाताना यमनप्पा पुढे आणि रेणुका मागे चालत होती. वेशीपाशी तो थांबला. "मला नेऊन वर्गात मिरवायचं होतं तुला. झालं समाधान?"

"मिरवायला नाही नेलं, अप्पा."

"मग?"

"मागच्या श्रावणात तू पंधराव्या पायरीवर थांबायचास. दिवाळीला अकराव्या. आता सातव्या." ती नगारखान्याकडे न पाहता बोलली. "मी खाली उभी राहून रोज मोजते. तुला सांगितलं असतं तर तू पुढे वाच म्हणाला असतास."

त्या संध्याकाळी यमनप्पा जिना चढला, तेव्हा सातव्या पायरीवर थांबला, आणि त्यानं वळून खाली पाहिलं. ती उभी होतीच.

सोमवारी पहिल्या बसनं दोघं दवाखान्यात गेले. जत्रेला अजून आठ दिवस होते. मशीनच्या खोलीत पांढरा कोट घातलेल्या पोऱ्यानं त्याच्या हातात नळी दिली आणि नाकाची क्लिप पुढे केली.

"आजोबा, जरा सैलच लावतो, टोचायला नको."

"घट्ट लाव," यमनप्पा म्हणाला. "माझं नाक सवयीचं चोर आहे."