शेवटच्या तीन वह्या

सोनईजवळच्या ज्या शाळेत मी शिक्षक होतो, तिथे यशया गुरुजी मराठी शिकवायचे. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखं; पण गठ्ठ्यातल्या शेवटच्या तीन वह्या ते कधीच तपासत नसत. त्या माझ्या टेबलावर आणून ठेवत आणि विहिरीपर्यंत जाऊन येत. मी मनातल्या मनात चिडायचो. कामचुकार म्हणावं तर बाकी सगळ्यात ते माझ्यापेक्षा दुप्पट राबत.

त्र्याहत्तरच्या सहामाहीला त्यांनी सातवीसाठी सरावपत्रिका काढली. विरामचिन्हांसाठी एक वाक्य होतं: ती म्हणाली दादा दोर तुटतोय लवकर ये. त्याखाली क्रम लावायला पाच वाक्यं होती.

अ) तो उठून विहिरीकडे धावला.
आ) विहिरीवरून बहिणीची हाक आली.
इ) एक माणूस वह्या तपासत बसला होता.
ई) उरलेल्या तीन वह्या तपासून झाल्या.
उ) त्याची बहीण घागर घेऊन पाण्याला गेली.

तपासण्यासाठी उत्तर त्यांनीच मला लिहून दिलं होतं: इ, उ, ई, आ, अ. आदल्या वर्षी, दुष्काळात, त्यांची धाकटी बहीण हन्ना विहिरीत पडून गेली होती. हाक ऐकताच धावलो पण उशीर झाला, असं ते सगळ्यांना सांगत. हे त्यांनी मुलांपुढे का मांडलं, मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

नेहमीप्रमाणे शेवटच्या तीन पत्रिका माझ्याकडे आल्या. त्यात सातवीतल्या कडूबाईची होती. विरामचिन्हं तिने चोख दिली होती: ती म्हणाली, "दादा, दोर तुटतोय. लवकर ये!" पण क्रम लावला होता इ, उ, आ, ई, अ. मी लाल शाईने काट मारली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात आपलं उत्तर फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी दारातच होतो; पोरगी पत्रिका घेऊन थेट त्यांच्यापुढे उभी राहिली.

गुरुजींनी कारण विचारलं. ती म्हणाली, माणूस कोण ते आधी सांगायला पाहिजे, म्हणून इ पहिलं. 'त्याची बहीण' म्हणजे त्याच माणसाची, म्हणून उ दुसरं. ती विहिरीवर पोचल्यावरच हाक येणार, म्हणून आ.

"आन् ई?"

"हाक आली तवा तीन वह्या ऱ्हायल्या हुत्या, गुरुजी. म्हनूनच उरलेल्या म्हटलंय. त्या तपासल्या, मंग तो धावला."

मला वाटलं, गुरुजी तिला समजावतील, की काम आधी संपलं असंही चालतं. खरं तर चाललंही असतं. त्यांनी माझी काट खोडली, पूर्ण गुण दिले आणि फळ्यावरचं आपलं उत्तर पुसून तिचं लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाक आली हुती. सबूद न् सबूद ऐकला. म्हटलं, तीनच तर ऱ्हायल्यात."

त्या संध्याकाळी त्यांनी गठ्ठा आणला, तेव्हा मीच हात पुढे केला आणि शेवटच्या तीन वह्या घेतल्या. ते विहिरीकडे चालू लागले.