दर पाच मिनिटांनी येणारा पत्ता

लोकांच्या घरी इंटरनेट जोडून देणारा हा माणूस गल्लीत 'रेंजकाका' म्हणून ओळखला जायचा. कामात पक्का, पण स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. घरात बायको, सरकारी दवाखान्यात रात्रपाळीची नर्स, आणि तेरा वर्षांची लेक. लेकीला लहानपणापासून साखरेचा आजार. दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजायचा, आकडा तिच्या फोनवर जायचा, तिथून घरच्या वायफायने आईच्या फोनवर. पोरगी झोपली की कुंभकर्ण, फोनच्या अलार्मला दाद देत नसे. म्हणून साखर घसरली की आई वॉर्डातून नवऱ्याला फोन करी आणि तो उठून लेकीला साखरपाणी पाजी.

पोरगी रात्री गेम खेळते, याने काका वैतागला होता. एका संध्याकाळी त्याने राउटरची सेटिंग उघडली. लेकीचा फोन मॅक पत्ता, म्हणजे राउटरला फोन ओळखू येतो ती खूण, बदलत राहतो; फोनमधली ती सोय आधी बंद केली, मग त्या फोनवर रात्री दहा ते सकाळी सहा अशी बंदीची वेळ लावली. त्या वेळात बंद करायच्या साइट्स निवडायला राउटरमधली आदल्या रात्रीची नोंद काढली. गेमचे पत्ते तर होतेच, शिवाय एक अगम्य अक्षरांचा पत्ता, रात्रभर दर पाच मिनिटांनी. हाच तो चोर, म्हणून त्याने तोही यादीत टाकला. लेकीला विचारलंसुद्धा नाही. लोकांच्या घरी शंभरदा केलेलं काम, त्यात विचारायचं काय?

एकच्या सुमारास बायकोचा फोन आला. आकडे येत नाहीत, जरा बघतोस का? काका डोळे चोळत उठला, राउटरपाशी गेला. सगळे दिवे हिरवे. नेट चालू आहे, सेन्सर सैल झाला असेल, सकाळी बघू, असं सांगून तो परत आडवा झाला. लेकीच्या खोलीत डोकावला नाही. अहो, चार पावलांवर खोली होती!

सकाळी पोरगी हाकेला उठेना. अंग घामाने ओलं, हातपाय झटके देत होते. आई ज्या दवाखान्यात होती तिथेच नेली. जीव वाचला, पण शुद्ध आली नव्हती. मेंदूला किती इजा झाली ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यातल्या बाकावर बायको स्वतःलाच दोष देत होती. मी धावत घरी यायला हवं होतं, त्या सेन्सरच्या कंपनीचं काही खरं नाही, माझंच चुकलं. काकाने तिचं बरंच ऐकून घेतलं. गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं, आणि तो मोह त्याला झाला.

"कंपनीचं नाही, तुझंही नाही," तो शेवटी म्हणाला. "आकडे ज्या पत्त्यावरून तुला यायचे, तो राउटरवर मीच बंद केला. गेमचा वाटला."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आणि मी फोन केला तेव्हा तू काय बघितलंस?"

"राउटर," तो म्हणाला.

ती उठली आणि एकटीच लेकीच्या खाटेपाशी गेली.