ट्रेसमध्ये सापडलेलं खोटं

दवाखान्याच्या वेबसाइटची तपासणी करणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे चिकटताई म्हणत. अपॉइंटमेंट घेऊन बघणारी, प्लेराइट या साधनाने चालणारी एक टेस्ट पाइपलाइनमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, अधूनमधून पडायची, म्हणजे नापास व्हायची. "पुन्हा चालवा, होईल पास," डेव्हलपर म्हणाला.

ताईंनी ऐकलं नाही. टेस्ट चालवणारा हेडलेस, म्हणजे बिनखिडकीचा, ब्राउझर डोळ्यांना दिसत नसला, तरी पडलेल्या टेस्टचा स्क्रीनशॉट आणि ट्रेस, म्हणजे पायरीपायरीची नोंद, पाइपलाइन जपून ठेवायची. स्क्रीनशॉटमध्ये अपॉइंटमेंटची यादी रिकामी होती. ट्रेसमध्ये एकेक पायरी मागे जाता जाता ताई खुर्चीतून उठल्याच.

"हे बघ. पानावर 'अपॉइंटमेंट पक्की' आलंय, आणि सर्व्हरचं उत्तर पाचशे, म्हणजे एरर. नोंद झालीच नाही."

"म्हणजे 'आम्ही अपॉइंटमेंट घेतली होती' म्हणत दवाखान्याच्या दारातून परत गेलेले पेशंट खरं बोलत होते," तो पुटपुटला आणि लगेच कोड उघडून बसला.

ताईंनी हसत आपली खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.