दुरुस्त केलेला स्क्रीनशॉट

आलापल्लीच्या बसथांब्यासमोर मुजफ्फरभाईंचा फोटो स्टुडिओ होता. २००८ पर्यंत त्यात दोन संगणक आले होते आणि पाटीवर ‘इंटरनेट’ हा शब्द वाढला होता. मात्र त्यांची ओळख जुन्या कामामुळेच होती. दुकानातून बाहेर पडणाऱ्या फोटोत दोष राहू द्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. वाकडी कॉलर ते सरळ करीत, गालावरचा व्रण पुसून टाकीत, विरळ मिशी भरून काढीत. गिऱ्हाइकाने सांगितले नसले तरी करीत. लग्नाच्या बोलणीसाठी फोटो काढायला एटापल्लीपासून माणसे येत, ती यासाठीच.

दिवाळीच्या सुटीत नूतन त्यांच्याकडे आली. वनविभागाच्या लाकूड डेपोतील लिपिक वामनराव यांची ही मुलगी चंद्रपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. तिची फी वडिलांनी गावातल्याच बँकेत चलनाने भरली होती, एकवीस हजार चारशे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील पावतीत मात्र बारा हजार चारशे जमा आणि नऊ हजार बाकी दिसत होते. आकडे चढवताना कोणीतरी अदलाबदल केली असावी. बाकी असलेल्यांचा परीक्षा अर्ज स्वीकारला जात नसे आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती.

नूतनने लेखा विभागाला इंग्रजीत मेल लिहिला. विषय, नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, चलनाचा क्रमांक व तारीख, भरलेली रक्कम, दिसणारी रक्कम आणि दुरुस्तीची विनंती, इतकाच मजकूर होता. सोबत पावतीचा स्क्रीनशॉट जोडला आहे, असे शेवटी नमूद केले. पडद्याचे चित्र घेऊन जोडण्याचे काम मुजफ्फरभाईंनी दुसऱ्या संगणकावर केले. चित्र त्यांनी पेंटमध्ये उघडले, कडा कापल्या आणि मग हात थांबला नाही. पावतीतलाच एक ‘२’ आणि एक ‘१’ उचलून त्यांनी जमा रकमेत जागच्या जागी बसवले. बारा हजारांचे एकवीस हजार झाले. खालची बाकी त्यांनी पाहिलीच नाही. नूतनने मेल पाठवला. जोडलेले चित्र उघडून पाहण्याचे तिला सुचले नाही.

बुधवारी उत्तर आले. जोडलेल्या चित्रातील जमा रक्कम कार्यालयाच्या नोंदीशी जुळत नाही, चित्रात फेरफार झालेला दिसतो, लेखी खुलासा मिळेपर्यंत परीक्षा अर्ज थांबवण्यात येत आहे. नूतनने ते दोनदा वाचले, मग जोडलेले चित्र उघडले.

“चाचा, हे तुमी केलं?”

मुजफ्फरभाईंनी चष्मा चढवून पाहिले. “हो. चुकीचा आकडा होता ना बेटा. साहेबाले बरोबर दिसला पाह्यजे.”

“चूकच तर दाखवायची होती. आता मीच चोर ठरून राह्यली.”

आपण केले ते काम होते, लबाडी नव्हे, हे मुजफ्फरभाईंना पक्के ठाऊक होते. पण चंद्रपुरात बसलेल्या माणसाला ते चित्रावरून कळणार नव्हते. नूतनने दुसरा मेल लिहिला. या वेळी न कापलेला, न बदललेला स्क्रीनशॉट तिने स्वतः जोडला. बँकेचा शिक्का असलेली चलनाची विद्यार्थी-प्रत स्कॅन करून लावली. मुजफ्फरभाईंनी स्टुडिओच्या छापील कागदावर लिहून दिले, की फेरफार मी केला, मुलीला माहीत नव्हते. खाली सही आणि फोन क्रमांक. तो कागदही जोडला गेला.

गुरुवारी दुपारी दुकानातला फोन वाजला. लेखा विभागातल्या इंदुताई बोलत होत्या. पत्र लिहिणारे तुम्हीच का, एवढे विचारून त्या मुद्द्यावर आल्या.

“काऊन बदलला आकडा?”

“सवय हाय बाई. फोटोतली चूक मले पाहवत नाई.”

“आमच्याइथी फोटो पाहून सोयरीक नाई जमत, भाऊ. बँकेचा उतारा पाहून जमते.” पलीकडे कोणीतरी हसले. बाईंचा आवाज मात्र तसाच राहिला. बँकेच्या उताऱ्यात एकवीस हजार चारशेच होते. चूक त्यांच्याकडच्या नोंदीची होती आणि ती दुरुस्त होत होती. “पण पोरीची मूळ प्रत उद्या मले हातात पाह्यजे. तुमच्या दुकानातून आलेल्या चित्रावर मी सही नाई करत.”

शुक्रवारी पहाटेच्या बसने वामनराव मुलीसोबत चंद्रपूरला गेले. इंदुताईंनी चलनाची प्रत उजेडाकडे धरून पाहिली, शिक्का तपासला, पावती नव्याने छापून दिली आणि अर्ज स्वीकारला. पहिला मेल त्यांनी नूतनच्या फाइलमधून काढला नाही. काढता येईल का, असे वामनरावांनी चाचरत विचारले. बाई म्हणाल्या, नाही. त्याच्यामागे खुलासा लावला आहे, दोन्ही सोबत राहतील.

परतीच्या बसमध्ये नूतन त्या फाइलचाच विचार करीत होती. पदवी मिळेपर्यंत अजून पाच सत्रांचे परीक्षा अर्ज घेऊन तिला त्याच खिडकीवर जायचे होते.