भावाच्या मानेतली भिंत

२४ सप्टेंबर १९९७. हाताला चिंच चोळून मी अळू चिरत बसले होते. त्या दिवशी वडिलांची, आमच्या आबांची, तिथी होती.

तळमजल्यावर माझं सोनोग्राफी सेंटर आणि वर घर, अशी आमची पनवेलची जागा. पितृपक्षात पेशंट कमी येतात. पोटात दुखत असलं तरी माणूस म्हणतो, अमावस्या होऊन जाऊ दे. मला ते सोयीचं पडतं, घरचीही कामं उरकतात. त्याच आठवड्यात मशीनसाठी नवा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून फिरवायचा दांडा, आला होता, मानेतल्या रक्तवाहिन्यांसारखं कातडीलगतचं बघायला. पोटाच्या प्रोबला ते नीट दिसत नाही. सेंटरवरच्या मावशींनी त्याचा खोका कपाटावर ठेवून दिला होता.

"पितरांच्या दिसांत नवा काय चालू करायचा नाय, मॅडम."

मावशी उरणकडच्या. माझ्या लग्नाआधी आमच्या माहेरी धुणंभांडी करायच्या. वडील गेले त्या दुपारी घरात होत्या. मी तेव्हा मेडिकल कॉलेजात, मुंबईला.

दुपारी भाऊ जेवायला आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, न्हावा शेवा बंदरावर माल सोडवण्याचं काम करतो, राहतो विचुंब्याला. वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेले. भावालाही आता, सत्त्याण्णवमधे, एक्कावन्नावं चालू होतं. हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पान वाढताना मी विचारलं, "फिजिशियन काय म्हणाले?"

"काठावर आहे म्हणाले. प्रेशर थोडं वर, कोलेस्टेरॉल थोडं वर. साखर नाही, कार्डिओग्राम चांगला, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं तेही चांगलं."

"आणि सिगारेट?"

"तीही थोडीच." त्याने वड्याचा तुकडा मोडला. "काठावर पास म्हणजे पासच, ताई. सर्टिफिकेटवर काठ छापत नाहीत."

मला फिजिशियनांचा आदल्या दिवशीच फोन आला होता. त्यांची अडचण खरी होती. नुसते आकडे बघून कोलेस्टेरॉलची गोळी द्यावी असंही नाही, देऊ नये असंही नाही. एकदा सुरू केली की बहुधा जन्माची. शिवाय ती महाग, आणि हा माणूस विनाकारण घेणार नाही. ते म्हणाले, "हृदयाच्या रक्तवाहिन्या तुमच्या मशीनवर दिसत नाहीत. मानेतल्या दिसतात. तिथे रोग धरलेला असला तर आत हृदयाशीही धरला असण्याची शक्यता वाढते. बघून घ्या, म्हणजे मला एका बाजूला उतरता येईल."

"जेवण झालं की खाली चल," मी भावाला म्हटलं. "मान बघू."

"मान दुखत नाहीये माझी."

"दुखत असती तर बघायला उशीर झाला असता."

"बहीण डॉक्टर असली की जेवणसुद्धा फुकट मिळत नाही," तो वह्यापुस्तकं आवरल्यासारखं ताट सारत म्हणाला, पण आला.

सोनोग्राफीची खोली दुपारीसुद्धा काळोखीच असते. खिडकीला जाड पडदा, उजेड फक्त मशीनच्या पडद्यावरचा, करडा. मी कपाटावरचा खोका काढून नवा प्रोब जोडला, त्याची उशी काढली आणि मान उजवीकडे वळवायला सांगितली. त्याने तोंड भिंतीकडे केलं. जेल गार लागलं तसा तो शहारला.

मावशी टॉवेल घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय झालं?"

"आबा असंच निजले होते," त्या हळूच म्हणाल्या. "भिताडाकडं तोंड करून."

"टॉवेल ठेवा आणि दार लावा," मी म्हटलं. त्यांनी दार लावलं, पण त्या आतच राहिल्या.

मानेत धमनी शोधायला वेळ लागत नाही. तिच्यावर शीर असते. प्रोब किंचित दाबला की शीर चपटी होते, धमनी होत नाही, ती धडधडत राहते. लांबीच्या बाजूने धरली की पडद्यावर काळा पट्टा दिसतो. ते आतलं रक्त. वर एक भिंत, खाली एक भिंत. खालची, म्हणजे आतल्या बाजूची भिंत मोजायची असते, कारण ती स्वच्छ दिसते. तिथे दोन बारीक पांढऱ्या रेघा असतात, मधे काळी फट. पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या थरांची जाडी. मिलिमीटरहून कमी. माणूस जिवंत असताना, बोलत असताना त्याच्या आतली ही भिंत बघायची मला सवय नव्हती. पोटातलं मूल बघणं निराळं, ते येणारं असतं.

काळ्या पट्ट्याच्या मधोमध एक फिकट रेघ तरंगत होती. भिंतीला समांतर, ठोक्याबरोबर वरखाली होणारी.

"ती कसली?" भावाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पडदा बघत विचारलं. तो बोलला तशी रेघ, भिंत, सगळंच थरथरलं. आवाज त्याच्या तोंडातून नाही, पडद्यातून आल्यासारखा वाटला.

"भूत हाय," मावशी म्हणाल्या.

त्या फार चुकल्या नव्हत्या. आवाजाच्या लाटा दोन थरांमधे आपटून परत आल्या की मशीन जिथे काही नाही तिथे रेघ काढतं. मी प्रोब थोडा कलता केला. रेघ विरघळून गेली. पट्टा पुन्हा निखळ काळा झाला.

"गेली," मी म्हटलं. "नव्हतीच."

मग भिंत मोजली. तीन जागी मोजली, मान फिरवून दुसऱ्या बाजूलाही मोजली आणि परत भिंतीकडे वळवली. शून्य पूर्णांक सातच्या आसपास. वयाला शोभेल अशी, गुळगुळीत.

"पास?" त्याने विचारलं.

"पडून राहा."

"मला काही होत नाहीये," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "जरा पडलोय म्हणून पडलोय."

मावशींनी माझा दंड धरला. वडील त्या दुपारी हेच बोलले होते, 'मला काही होत नाहीये, जरा पडतो.' हे मला आईने सांगितलं होतं, आणि आईला मावशींनी. भावाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो तेव्हा शाळेच्या सहलीला गेला होता असं त्याला वाटतं. खरं म्हणजे तो तेव्हा नोकरीला लागलेला होता आणि त्याला ती सगळी सालंच नीट आठवत नाहीत.

मी प्रोब वर सरकवला. जबड्याखाली धमनी फुगते आणि मग तिचे दोन फाटे होतात, एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. सरळ भागात भिंत चांगली असली म्हणजे सगळं चांगलं असं नसतं. रोग धरतो तो बहुतेक या फुगीर जागी, कारण तिथे रक्त सरळ वाहत नाही, बाहेरच्या कडेला जरा घुटमळतं. रंग चालू केला तर लाल प्रवाहाच्या कडेला निळा ठिपका उमटतो. तिथे रक्त क्षणभर मागे वळतं. निरोगी माणसातही वळतं. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मी तो निळा शोधत राहिले.

कारण तो जिथे असायला हवा होता तिथे नव्हता. तिथे भिंतीतून एक करडा ओठ पुढे आला होता. लहानसा, कडा मऊ. लाल रंग त्याला वळसा घालून जात होता, न अडता. प्रत्येक ठोक्याला भिंत हलायची आणि तिच्याबरोबर तोही हलायचा, काही सांगायला उघडावा तसा.

मी आवाज न करता मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, कमी केला. करडेपणा उतरला, ओठ राहिला. प्रोब कलता केला, राहिला. आडवा धरला. धमनी गोल दिसू लागली, आणि त्या गोलाच्या एका बाजूला चंद्रकोर. मग माझ्या मनात आलं की मला बघायचंच आहे म्हणून तर दिसत नाही ना. मी त्याला उठवलं, मान पुसली, दोन मिनिटं बसवलं, पुन्हा झोपवलं, पुन्हा नव्याने शोधलं. भूत जागा सोडतं. याने सोडली नाही.

दिवा लावला. तो डोळे चोळत उठून बसला.

"काय आहे?"

"फाट्यापाशी थर साचलाय. प्लाक म्हणतात. रक्त अडलेलं नाही. ऑपरेशन वगैरे काही नाही. पण रोग सुरू झालाय."

"कधीपासून?"

"काही वर्षांपासून असेल."

"म्हणजे मघाशी वर खीर खात होतो तेव्हा पण तिथंच होता?"

"तिथंच."

तो मानेवरून हात फिरवायला लागला. मी तो हात खाली केला. त्याने टॉवेलने मान पुसली. मग म्हणाला, "भिंतीची जाडी नॉर्मल आली ना?"

"सरळ भागात, हो."

"मग तेवढंच लिही. खोटं तर नाही ना ते?"

"अर्धं आहे."

"ताई, एकदा का ही गोळी सुरू झाली की घरी सगळे माझ्याकडे बघायला लागतील. आई आबांच्या फोटोकडे बघते तसं. मी जातो बंदरावर, ट्रक उभे आहेत. तू तुझ्या वहिनीला काही सांगू नकोस."

तो सोनोग्राफीची फिल्म न घेताच गेला. मी रिपोर्टमधे जाडी लिहिली आणि त्याखाली प्लाकची जागा आणि माप लिहिलं. मावशींनी खोली पुसली, मग न विचारता दुसऱ्यांदा पुसली.

संध्याकाळी मी त्याच्या घरी फोन केला. वहिनी म्हणाली, आल्यापासून बोलत नाहीत, लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिल्म घेतली आणि रिक्षाने विचुंब्याला गेले. वहिनीने दार उघडलं. म्हणाली, अजून उठले नाहीत. हा माणूस कधी सहानंतर अंथरुणात नसतो. मी चपला न काढता आत गेले. पडदे ओढलेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, एक हात मानेखाली, आणि हालचाल नव्हती.

मी मानेला हात लावला नाही. मनगट धरलं.

"चालू आहे," तो न वळता म्हणाला. "रात्रभर मोजतोय."

मी पडदा सरकवला, फिल्म खिडकीच्या काचेला धरली आणि वहिनीला जवळ बोलावून तो करडा ओठ बोटाने दाखवला. मग त्याला शर्ट घालायला लावला आणि आम्ही तिघं रिक्षात बसून फिजिशियनांच्या दवाखान्यात गेलो.